सतरा गोळ्या आणि पुतळाबाई

मी भिसेगावची विमल. एकोणीसशे सत्तर साली, सातवी पास होऊन दोन वर्षं घरी बसल्यावर, कर्जतच्या ट्रस्टच्या इस्पितळात नर्सिंग शिकायला गेले. इस्पितळ चाळीस खाटांचं. त्याला जोडून खेड्यापाड्यांतल्या मुलींसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता आणि आमच्या तुकडीत अकरा जणी होत्या. शाळेत माझं गणित बरं होतं. त्याचा मला थोडा तोराही होता, हे आधीच सांगून टाकते.

आम्हाला शिकवायला पुतळाबाई होत्या. सिस्टर पुतळा सखाराम गायकवाड असं त्यांचं नाव रजिस्टरात होतं, पण डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे पुतळाबाईच म्हणत. त्या खालापूरजवळच्या कुंभिवलीच्या. वडील सखाराम सडकेच्या कामावर खडी फोडायचे. खडी फोडणाऱ्याची मुलगी खालापूरपर्यंत पायी जाऊन सातवी झाली, मुंबईला जाऊन नर्स झाली, आणि छप्पन साली सगळं घर बौद्ध झालं तेव्हा ती एका मोठ्या इस्पितळात पांढऱ्या टोपीत उभी होती. चौसष्ट साली त्या कर्जतला आल्या. सुरुवातीला काही पेशंट त्यांच्या हातचं पाणी घ्यायला कुरकुरायचे. बाई पाण्याचा पेला खाटेशेजारी ठेवून पुढच्या खाटेकडे जात. तासाभरात पेला रिकामा झालेला असे.

दर शनिवारी दुपारी दोन ते चार औषधांच्या मात्रेचं गणित असे. पहिल्या शनिवारी बाईंनी आम्हाला घरून एकेक चमचा आणायला सांगितला होता. कुणी चहाचा आणला, कुणी लोणच्याच्या बरणीतला, मंगळीने लाकडाचा. मंगळी ठाकूरवाडीची. घाटातल्या त्या छोट्या स्टेशनवर तिचा बाप रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होता. ती मितभाषी आणि गणितात कच्ची, असं मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

बाईंनी प्रत्येकीच्या चमच्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायला लावलं. माझ्या चमच्यात चार मिलिलिटर भरलं, एकीच्यात तीन, मंगळीच्या लाकडी चमच्यात आठ.

"बाटलीवर लिहिलेलं असतं, एक चमचा," बाई म्हणाल्या. "तो चमचा पाच मिलिलिटरचा. तुमच्या घरातला नाय. आई विचारेल, सिस्टर, किती देऊ? तुम्ही म्हणाल, एक चमचा. मग एका पोराला तीन जाईल नि दुसऱ्याला आठ. तुम्ही दोघींना सारखंच सांगितलेलं असेल. म्हणून आकडा एकटा सोडायचा नाय गं. त्याच्याबरोबर त्याचं माप चाललं पाहिजे."

बाई शिकवायच्या त्या अशा. फळ्यावर नुसता आकडा लिहिला की त्या तो पुसून टाकत. पाच काय? पाच मिलिग्रॅम, पाच मिलिलिटर, का पाच थेंब? अर्धा लिहायचा तर टिंबाच्या आधी शून्य हवंच, कारण घाईत टिंब दिसलं नाही की पॉइंट पाचचे पाच होतात, दहापट. आणि एक लिहायचा तर पुढे टिंब-शून्य नको. तिथलं टिंब पुसट झालं की एकाचे दहा. हे त्या इतक्यांदा सांगत की आमच्यातली एक जण घरी पत्र लिहितानासुद्धा टिंबाआधी शून्य देऊ लागली.

गणित मात्र त्या फार सोपं करून देत. हवं किती, ते वर लिहा. हातात किती आहे, ते खाली लिहा. भागा. आणि जेवढ्या पाण्यात ते आहे, त्याने गुणा. पेनिसिलिनची पाच लाख युनिटची कुपी, पाणी घालून एकूण अडीच मिलिलिटर झाली. द्यायचे आहेत दीड लाख. पण पेन्सिल उचलण्याआधी त्या विचारत, "आख्खी कुपी लागेल का? अर्धी? अर्ध्याहून कमी?"

आम्ही म्हणायचो, अर्ध्याहून कमी.

"मग उत्तर सव्वा मिलिलिटरच्या आतच आलं पाहिजे. आता करा."

दीड लाख भागिले पाच लाख, गुणिले अडीच. पाऊण मिलिलिटर. मग उलटं करून बघायचं: एका मिलिलिटरमध्ये दोन लाख, तर पाऊणमध्ये दीड लाख. जुळलं. एक गणित दोन वाटांनी केलं नाही तर त्या तपासायलाच घेत नसत.

सलाइनच्या बाटल्या तेव्हा पाचशे चाळीस मिलिलिटरच्या येत. एक बाटली नऊ तासांत जायला हवी, नळीतून एका मिलिलिटरचे पंधरा थेंब पडतात, तर मिनिटाला थेंब किती? मी झटकन हात वर करून सांगितलं, नऊशे.

"घड्याळ लाव नि मोज," बाई म्हणाल्या.

मी कॉरिडॉरमध्ये एका बाटलीखाली उभी राहिले आणि मिनिटाला नऊशे थेंब कसे दिसतील याचा विचार करता करता मलाच हसू आलं. पाचशे चाळीस भागिले नऊ, तासाला साठ मिलिलिटर. साठ मिलिलिटर म्हणजे नऊशे थेंब खरे, पण ते तासाचे. मिनिटाला एक मिलिलिटर, म्हणजे पंधरा थेंब. मी तासाचं मिनिट करायला विसरले होते. बाई मला ओरडल्या नाहीत. एक लाल रेघांची वही पुढे केली आणि म्हणाल्या, "लिही. काय विचारलं होतं, काय उत्तर दिलंस, कुठे घसरलीस."

ती चुकांची वही. प्रत्येकीने आपली चूक आपल्या अक्षरात लिहून खाली नाव घालायचं. मला ते फार लागलं. अकरा जणींत पहिलं नाव माझं.

त्या काळात आणखी एक भानगड होती. सरकारने वजनमापं बदलली होती, शेर जाऊन किलो आला होता, पण जुने डॉक्टर औषधं ग्रेनमध्येच लिहीत. एक ग्रेन म्हणजे साधारण साठ मिलिग्रॅम. ऑपरेशनआधी सुईने द्यायचं अॅट्रोपिन कधी ग्रेनचा शंभरावा भाग, कधी दीडशेवा. आमच्यातल्या निम्म्या जणींना दीडशेवा मोठा वाटला. बाई म्हणाल्या, "एका भाकरीचे शंभर तुकडे केले नि दुसरीचे दीडशे. भुकेल्याला कुठला तुकडा देशील?" मग आम्हाला उमगलं. ग्रेनचा शंभरावा भाग म्हणजे शून्य पॉइंट सहा मिलिग्रॅम, दीडशेवा म्हणजे शून्य पॉइंट चार. मुलांच्या वॉर्डातला वजनकाटा पौंडातला होता, त्यावर बाईंनी स्वतः लाल रंगाने 'पौंड' असं लिहून ठेवलं होतं. बावीस पौंडांचं मूल दहा किलोचं असतं. बावीस किलो धरून औषध दिलं तर दुपटीहून जास्त जाईल.

एवढं सगळं शिकूनही मी जे केलं ते सांगते.

एकाहत्तरच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. बायकांच्या वॉर्डात चंद्राबाई नावाची पेशंट आली होती, खालापूरकडची, तिशीतली, अंगाने अगदी काटकी. तिला फिट्स यायच्या. इस्पितळाचे मुख्य डॉक्टर बिवलकर. साठीच्या घरातले, हाताला गुण असलेले आणि रागीट. त्यांनी तपासून कागदावर लिहिलं: फिनोबार्बिटोन, अर्धा, सकाळ-संध्याकाळ. अर्ध्याच्या आधी इंग्रजीत दोन अक्षरं होती, जी आणि आर.

संध्याकाळचे पाच वाजले होते. माझी आणि मंगळीची ड्यूटी. बाईंचा नियम असा की कुठल्याही औषधाचं गणित दोघींनी वेगवेगळं करायचं, एकमेकींच्या वहीत डोकवायचं नाही, आणि उत्तर जुळलं तरच औषध खाटेपर्यंत न्यायचं.

मी वाचलं, अर्धा ग्रॅम. ग्रॅमची पहिली अक्षरं जी आणि आरच ना. ग्रेन आम्ही शिकलो होतो, पण माझ्या डोक्यात तो सुईच्या औषधांपुरता बसला होता. अर्धा ग्रॅम म्हणजे पाचशे मिलिग्रॅम. बाटलीत तीस मिलिग्रॅमच्या गोळ्या. पाचशे भागिले तीस, सोळा पॉइंट सहा सहा. म्हणजे जवळजवळ सतरा. भागाकार मी दोनदा केला. दोन्ही वेळा बरोबर आला. आणि हजार गोळ्यांची मोठी बाटली समोर होती, कमी पडायचा प्रश्नच नव्हता. मंगळी अजून पेन्सिल चावत होती, म्हणून वेळ वाचवायला मी गोळ्या कपात मोजायला सुरुवात केली.

नऊ झाल्या तेव्हा मंगळीने कपाकडे पाहिलं.

"ह्या कुणाच्या गं?"

"चंद्राबाईंच्या. सतरा द्यायच्यात."

"माझी एक आली," ती म्हणाली.

"तुझा भागाकार चुकला असेल. दाखव."

"मी भागलंच नाय. सतरा गोळ्या एका टायमाला कुणाला देतात का?"

"डॉक्टरांनी लिहिलंय. आकडेमोड बघ ना माझी, काय चूक आहे?"

तिने माझी आकडेमोड पाहिली. "आकडे बरोबर हायेत," ती म्हणाली. मग तिने बाटली उचलली, माझ्या तोंडासमोर धरली आणि लेबलावर बोट ठेवलं. तीस मिलिग्रॅम असं ठळक छापलेलं होतं, ते मी वाचलं होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत तीच दोन अक्षरं आणि अर्धा. जी, आर, एकद्वितीयांश.

"डॉक्टरनी लिवलंय तेच इथं लिवलंय. म्हणजे एक गोळी. मी एवढंच वाचलं."

तरीही मी दोन मिनिटं वाद घातला, हे मला आजही आठवतं. लेबल चुकीचं असेल असंसुद्धा म्हणाले. मंगळीने वाद घातला नाही. तिने कपावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाईंना बोलाव. तवर मी हितून हलत नाय."

पुतळाबाई आल्या. कागद वाचला, लेबल वाचलं, दोघींच्या वह्या पाहिल्या. नऊ गोळ्या पाहिल्या. मग सरळ डॉक्टरांच्या खोलीकडे गेल्या आणि विचारून आल्या. अर्धा ग्रेन. एक गोळी. तीस मिलिग्रॅम. बाईंनी चंद्राबाईला स्वतः एक गोळी दिली, ती गिळेपर्यंत उभ्या राहिल्या. मग मला बाहेर बाकावर बसवलं.

"सतरा गेल्या असत्या तर काय झालं असतं, माहीत आहे?"

"झोप लागली असती," मी म्हणाले.

"तिच्या अंगाच्या बाईला अशी झोप लागली असती की श्वास घ्यायचंही कदाचित आठवलं नसतं." मग त्या म्हणाल्या, "तुझं गणित बरोबर होतं विमल. म्हणूनच ते जास्त वाईट. चुकलेला भागाकार कुणी तरी पकडतं. बरोबर भागाकाराकडे कोण बघतंय? दोनाहून जास्त गोळ्या, दोनाहून जास्त कुप्या लागायला लागल्या की थांबायचं, हे मी सांगितलं होतं का नाय?"

"सांगितलं होतं."

"मग?"

बाईंनी वही आणली. मी लिहिलं, खाली नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी ती वही डॉक्टर बिवलकरांच्या हाती पडली. औषधांच्या कपाटापाशी राहिली होती. त्यांनी बाईंना बोलावलं, आणि मलाही. मी दाराशी उभी राहिले.

"ही मुलगी उद्यापासून नको," डॉक्टर म्हणाले. "आणि ही वही कसली? एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाने वाचली तर इस्पितळाचं नाव काय राहील? जाळून टाका."

"मुलगी राहील, डॉक्टर," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "गोळी खाटेपर्यंत गेली नाय. जो नियम होता त्याने चूक पकडली. आणि हिने लपवलं नाय."

"नियमाने नाही, नशिबाने. दुसरी मुलगी हुशार निघाली म्हणून."

"दुसरी मुलगी हुशार नाय. दुसरी मुलगी दुसरी आहे. हिचं न बघता तिने केलं, म्हणून सापडलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पुतळाबाई, तुमच्या हातून कधी अशी चूक झाली नाही, म्हणून तुम्हाला तिचं गांभीर्य—"

"झाली," बाई म्हणाल्या.

मी बाईंच्या पाठीकडे बघत होते. त्या ताठ उभ्या होत्या.

"अठ्ठावन्न साली. मुंबईला. इन्शुलिन वीस युनिट द्यायचं होतं. कुपी दोन तऱ्हेच्या येतात, मिलिलिटरला चाळीस युनिटची नि ऐंशीची. सिरिंजवर रेघाही दोन बाजूंना दोन तऱ्हेच्या. रोज चाळीसची कुपी असायची. त्या दिवशी ऐंशीची आली होती. मी सवयीने चाळीसच्या बाजूने वीसच्या रेघेपर्यंत भरलं. अर्धा मिलिलिटर. गेले चाळीस. दुप्पट. तासाभराने म्हाताऱ्याला दरदरून घाम सुटला, बरळायला लागला. मी कुपी परत बघितली नि कळलं. ग्लुकोज दिलं, तो वाचला. कुणाला कळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, होतं कधी कधी असं, जेवला नसेल नीट. मी मेट्रनकडे गेले नि सांगितलं."

"काय केलं त्यांनी?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन महिने औषधांच्या कपाटाला हात लावू दिला नाय. नि दुसऱ्या दिवशीपासून दोन तऱ्हेच्या कुप्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवायला लावल्या. मी गप बसले असते तर त्या एकाच कप्प्यात राहिल्या असत्या, नि माझ्यानंतर दुसरी कुणी तेच केलं असतं." मग त्यांनी पुढे म्हटलं, "माझ्या कागदांत हे नोंदलेलं नाय. पण आता तुम्हाला माहीत आहे. काढायचं असेल तर आधी मला काढा. ती वही मात्र जाळायची नाय."

हे बोलणं किती अवघड होतं, ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. पुढे कळलं. कुंभिवलीच्या खडी फोडणाऱ्याची मुलगी डोक्यावर टोपी घालून हुकूम देते, हे न रुचणारी माणसं त्या इस्पितळात होती. तिच्यावर एखादा ठपका यायची वाट बघणारीही होती. सात वर्षं त्यांना काही सापडलं नव्हतं. बाईंनी तो ठपका स्वतः उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला, आणि तोही माझ्यासारख्या एका तोरेबाज मुलीसाठी.

डॉक्टर बराच वेळ वही चाळत राहिले. मग त्यांनी चंद्राबाईचा कागद मागवला. जी-आर खोडलं आणि वर लिहिलं, तीस मिलिग्रॅम, एक गोळी. पेन बंद करून म्हणाले, "ह्या मुली ग्रेन वाचायला चुकतात, तर मी ग्रेन लिहिणं बंद करतो. तीस वर्षांची सवय आहे. चुकेन. चुकलो तर कागद परत पाठवा."

"पाठवीन," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी खरोखर पाठवले. पहिल्या महिन्यात अकरा कागद. कधी मंगळी घेऊन जायची, कधी मी. डॉक्टर आमच्याकडे न बघता खोडून लिहीत. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ते वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. बाईंनी त्यांनाही पाटी दिली. गणित मुलाच्या मात्रेचं होतं. डॉक्टरांनी उत्तर सगळ्यांच्या आधी काढलं, पॉइंट सहा मिलिलिटर. बाईंनी पाटी पाहिली आणि खडूने अर्धा गुण दिला.

"उत्तर बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले.

"टिंबाआधी शून्य नाय."

वर्गात कुणी हसलं नाही, इतकी आम्हाला भीती वाटली. डॉक्टरांनी खडू मागून घेतला, शून्य घातलं आणि पाटी परत दिली.

चंद्राबाई तीन आठवड्यांनी घरी गेली. गोळी चालू होती, फिट्स आटोक्यात आल्या होत्या. ती कशातून वाचली हे तिला कधीच कळलं नाही. मंगळी पुढे घाटाखालच्या एका उपकेंद्रावर लागली आणि तिथे तिने तीसेक वर्षं काढली. मी इस्पितळातच राहिले, आणि एकोणऐंशीपासून बाईंच्या हाताखाली शिकवायलाही लागले. मुली मला विचारत, तुम्हाला गणित कुणी शिकवलं? मी सांगत असे, गणित मला येतच होतं, बाईंनी मला त्याच्यावर विश्वास न ठेवायला शिकवलं.

अठ्ठ्याऐंशी साली पुतळाबाई निवृत्त झाल्या. तो दिवस शनिवार होता. ट्रस्टने दुपारी तीन वाजता समारंभ ठेवला होता, साडी-नारळ आणले होते, कुंभिवलीहून त्यांचा भाऊ आणि भाचवंडं टेंपो करून आली होती. बाई वर्गात होत्या. नवी तुकडी होती, पहिलाच महिना. कुणीतरी निरोप घेऊन गेलं तर आतून उत्तर आलं, चारला या. एका मुलीचं उत्तर चुकलं होतं आणि ते कुठे चुकलं हे तिला स्वतःला सापडेपर्यंत बाई खडू खाली ठेवणार नव्हत्या. समारंभ सव्वाचारला सुरू झाला. पाहुणे बसून होते. कुणी तक्रार केली नाही.